बाहेर पडायचे, की खातेच मिटवायचे?

चीनमधल्या विंडोज संगणकांवर वर्षानुवर्षे एक पर्याय दिसत आला आहे: 注销. उच्चार साधारण ‘चू-श्याव’. तो निवडला की माणूस लॉग आउट होतो. त्याचे खाते, त्याच्या फाइली, सगळे जागच्या जागी राहते आणि पुन्हा पासवर्ड टाकला की काम पुढे सुरू. त्याच माणसाच्या मोबाइलमध्ये एखादे खरेदीचे ॲप असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये खोलवर 注销账号 असा पर्याय असतो. तो निवडून पुढच्या खातरजमा पार केल्या, की खाते कायमचे मिटते. जुन्या खरेदीच्या नोंदी, जमलेले गुण, सगळे जाते. अक्षरे तीच, पण एकीकडे तात्पुरते बाहेर पडणे आणि दुसरीकडे नाव पुसून टाकणे.

सामान्य चिनी माणसाला यातला दुसरा अर्थ अधिक जवळचा वाटतो. 注 म्हणजे नोंद आणि 销 म्हणजे रद्द करणे. कंपनी बंद झाली की तिच्या नोंदणीचे 注销 होते. माणूस वारला की सरकारी कुटुंबनोंदीतून त्याच्या नावाचे 注销 होते. 1 जानेवारी 2019 पासून लागू झालेल्या चीनच्या ई-कॉमर्स कायद्याच्या 24व्या कलमातही, ग्राहकाला खाते बंद करण्याची रीत स्पष्ट सांगितली पाहिजे, हे सांगताना हाच शब्द आला आहे. म्हणजे रोजचा व्यवहार, सरकारी कागद आणि कायदा एका बाजूला, तर संगणकाच्या मेनूमधली जुनी सवय दुसऱ्या बाजूला. एखाद्या नव्या ॲपचा चिनी अनुवाद करणाऱ्याने ‘लॉग आउट’ या बटणावर 注销 लिहिले, तर त्याच्याकडे विंडोजचा दाखला असेल. पण ते बटण दाबताना वापरणाऱ्याचा हात थबकेल आणि ते थबकणे योग्यच असेल.

असे शब्द निवडून, त्यांचे अर्थ बांधून, सगळ्या अनुवादकांना एकाच वाटेने नेणारा जो दस्तऐवज असतो, त्याला शब्दावली म्हणतात. सॉफ्टवेअरच्या अनुवादात तो नसला तर काय होते आणि तो नीट कसा बांधतात, हे चिनीच्या उदाहरणातून फार स्पष्ट दिसते, कारण चिनी लिपी आणि चिनी व्याकरण नेमक्या याच कामात काही वेगळ्या अडचणी उभ्या करतात.

आधी हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते पाहू. प्रोग्रॅमच्या पडद्यावर दिसणारे प्रत्येक बटण, प्रत्येक सूचना, चुकीचा प्रत्येक संदेश मूळ कोडमधून वेगळा काढून एका फाइलमध्ये ओळीने लावतात. या तुकड्यांना स्ट्रिंग म्हणतात. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात त्यासाठी गेटटेक्स्ट नावाची व्यवस्था सर्वाधिक रूढ आहे. तिच्या फाइलमध्ये msgid पुढे मूळ इंग्रजी मजकूर असतो आणि msgstr पुढे अनुवाद लिहायचा असतो. अनुवादकासमोर पडदा नसतो, बटण नसते. पाठोपाठ येणारे तुटक शब्द असतात. आज एकाने पन्नास तुकडे केले, पुढच्या महिन्यात दुसऱ्याने नवे तीस केले, वर्षभराने तिसरा आला. ‘लॉग आउट’साठी पहिल्याने 注销 लिहिले, दुसऱ्याने 退出, तिसऱ्याने 登出. एकेक पाहिले तर तिन्ही बरोबर. पण एकाच ॲपच्या तीन पडद्यांवर ते तीन दिसले, की वापरणारा समजतो की या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. लेखात समानार्थी शब्द आले तर भाषा खुलते. बटणांवर आले तर दिशाभूल होते.

यावर नवखे लोक पहिला उपाय करतात तो असा: इंग्रजी शब्दांची यादी करायची आणि प्रत्येकापुढे एक चिनी शब्द लिहायचा. माझ्या मते बहुतेक शब्दावल्या इथेच फसतात. यादी शब्दांची नव्हे, प्रोग्रॅममध्ये खरोखर घडणाऱ्या गोष्टींची करायला हवी.

समजा आपल्याकडे पुस्तके वाचण्याचे एक ॲप आहे. त्याच्या इंग्रजी मजकुरात क्लोज, क्विट, एक्झिट, लॉग आउट, साइन आउट, डीॲक्टिव्हेट आणि डिलीट अकाउंट असे सात शब्दप्रयोग विखुरलेले आहेत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडे चौकशी केली तर कळते की प्रत्यक्षात कृती पाचच आहेत. एक, समोरची खिडकी बंद होते पण ॲप चालू राहते. दोन, ॲपच थांबते. तीन, ॲप चालू राहते पण वापरणाऱ्याची ओळख निघून जाते. चार, खाते काही काळ गोठते आणि पुन्हा उघडता येते. पाच, खाते कायमचे जाते. क्विट आणि एक्झिट ही एकाच कृतीची दोन नावे होती, तशीच लॉग आउट आणि साइन आउट हीही. इंग्रजी लिहिणाऱ्यांनीच गोंधळ घातलेला होता. तो चिनीत जसाच्या तसा उतरवण्याचे काही कारण नाही.

आता पाच कृतींना पाच नावे द्यायची. खिडकी बंद करण्याला 关闭, यात वाद नाही. ॲप थांबवण्याला 退出, म्हणजे ‘थ्वेइ-छू’, बाहेर पडणे. लॉग आउटला 退出登录, लॉग इन केलेल्या अवस्थेतून बाहेर पडणे. खाते गोठवण्याला 停用账号. आणि 注销 हा शब्द फक्त पाचव्या कृतीसाठी राखून ठेवायचा, कारण कायदा आणि लोकव्यवहार दोन्ही त्याच बाजूला आहेत. हा निर्णय फाइलमध्ये असा दिसतो:

```
msgctxt "menu: end the session"
msgid "Log out"
msgstr "退出登录"

msgctxt "menu: stop the program"
msgid "Quit"
msgstr "退出"

msgctxt "settings: erase the account"
msgid "Delete account"
msgstr "注销账号"
```

निर्णय झाला म्हणून नोंद पूर्ण झाली असे नाही. 退出 हा शब्द 退出登录 च्या पोटात आहे. कोणीतरी बटण आटोपशीर करायला म्हणून लॉग आउटच्या जागी नुसते 退出 लिहील आणि मग दुसरी व तिसरी कृती एक होऊन जाईल. म्हणून नोंदीत स्पष्ट लिहावे लागते: लॉग आउटचा शब्द कधीही तोडू नये, चारही अक्षरे लिहावीत. चार चिनी अक्षरांना जागा थोडी लागते, त्यामुळे जागा नाही ही सबब इथे चालत नाही.

नोंदीत आणखी एक गोष्ट हवी, जी बहुतेक शब्दावल्यांत नसते. ती म्हणजे नाकारलेले शब्द आणि नाकारण्याचे कारण. ‘लॉग आउटसाठी 注销 नको, कारण मोबाइलवर त्याचा अर्थ खाते मिटवणे असा होतो, 登出 नको, कारण तो मुख्यत्वे तैवानकडचा वापर आहे.’ एवढी दोन वाक्ये लिहिली नाहीत तर वर्षभराने येणारा नवा अनुवादक विंडोजचा दाखला देऊन तोच वाद पुन्हा काढेल आणि त्या वेळी आधीचे कारण कोणाला आठवणार नाही. शब्द कोणता निवडला हे फाइल शोधूनही सापडते. का निवडला, हे लिहून ठेवले तरच सापडते.

नोंदीत शब्दाची जातही हवी. चिनी क्रियापदाला काळाचे प्रत्यय लागत नाहीत, नामाला अनेकवचन नसते. गेटटेक्स्टमध्ये चिनी फाइलच्या डोक्यावर nplurals=1 असे लिहितात, म्हणजे एक असो वा हजार, रूप एकच. पण म्हणून काम सोपे झाले असे समजू नये. अनेकवचन नसले तरी चिनीत आकडा आणि नाम यांच्यामध्ये मोजणीचा शब्द यावाच लागतो. आपण व्यापारात ‘चार नग’ म्हणतो तसा, फक्त चिनीत तो सक्तीचा आहे आणि वस्तूगणिक बदलतो. फाइल मोजायला 个, फोटो मोजायला 张, ईमेल मोजायला 封, संदेश मोजायला 条. ‘तीन फाइली पुसल्या’ हे 已删除 3 个文件 असे लिहायचे. शब्दावलीत नामापुढे त्याचा मोजणीशब्द दिला नाही, तर एका पडद्यावर संदेश 条 ने मोजले जातात आणि दुसऱ्यावर 个 ने. अर्थ बिघडत नाही, पण वाचणाऱ्याला कळते की हे दोन हातांचे लिखाण आहे.

काळाचे प्रत्यय नाहीत, म्हणून अवस्था दाखवण्याचे साचेही शब्दावलीतच ठरवावे लागतात. ‘जतन होत आहे’ याला 正在保存, ‘जतन झाले’ याला 已保存, ‘जतन करता आले नाही’ याला 无法保存. इंग्रजी प्रोग्रॅमर अपयश सांगताना निरनिराळे चार प्रयोग सहज करतात: कॅनॉट, कुड नॉट, अनेबल टू, फेल्ड टू. बऱ्याच ठिकाणी त्यांच्यात अर्थाचा काही फरक नसतो. ज्याने जो संदेश लिहिला त्याची ती सवय. चिनीत या चारांसाठी 无法 हा एकच साचा ठरवला, तर शेकडो संदेश एका सुरात येतात.

आता याच्या उलट बाजूची अडचण. वर एका कृतीची अनेक नावे होती. कधी अनेक गोष्टी एका नावात जाऊन पडतात, आणि ही चूक पकडायला अधिक कठीण असते. 标签, ‘प्याव-छ्येन’, म्हणजे चिठ्ठी, बिल्ला. इंग्रजीतला टॅग म्हणजे 标签. लेबल म्हणजेही 标签. आणि ब्राउझरमधला टॅब म्हणजे 标签页, चिठ्ठीचे पान, ज्याला लोक बोलताना आणि घाईत लिहितानाही नुसते 标签 म्हणून जातात. आता कल्पना करा की एका प्रोग्रॅममध्ये टॅग आणि लेबल या दोन वेगळ्या सोयी आहेत. कोड सांभाळणाऱ्या संकेतस्थळांवर त्या खरोखर वेगळ्या असतात: टॅग हा कोडच्या एका ठरावीक आवृत्तीला दिलेला पक्का बिल्ला, आणि लेबल म्हणजे तक्रारींची वर्गवारी करायला चिकटवलेली रंगीत पट्टी. ‘标签 पुसून टाकू का?’ असा प्रश्न पडद्यावर आला, तर काय पुसले जाणार हे वाचणाऱ्याने कसे ओळखावे?

अशा वेळी तिघांनाही एकत्र बसवून निर्णय घ्यावा लागतो. टॅग हा त्या क्षेत्रात आधीपासून 标签 म्हणूनच रुळलेला आहे, म्हणून त्याला ते नाव ठेवायचे. लेबलला 标记, म्हणजे खूण, हे नाव द्यायचे. टॅबचे 标签页 तीन अक्षरीच लिहायचे, 页 कधीही गाळायचे नाही. लेबलला 标记 हे नाव थोडे बळजबरीचे आहे, हे मान्य. लेबलसाठी सहज सुचणारा शब्द 标签 हाच आहे. पण दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदत असतील, तर सर्वांत नैसर्गिक शब्द एकीलाच मिळणार आणि दुसरीला दुय्यम शब्दावर भागवावे लागणार. हे जो मान्य करत नाही, त्याच्या शब्दावलीत अशा टकरी राहतातच.

प्रत्यक्षातले एक काम इथे सांगण्याजोगे आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये सुरू केलेला गिट हा प्रोग्रॅम आज जगभरचे प्रोग्रॅमर कोडच्या आवृत्त्या सांभाळायला वापरतात. 2012 पासून त्याचे संदेश सरळ रूपातील चिनी अक्षरांत मिळू लागले. ते काम ज्यांनी हाती घेतले त्या ज्यांग शिन यांनी त्याआधी 2011 मध्ये गिटवर चिनीत एक पुस्तकही लिहिलेले होते. त्या अनुवादाची फाइल आजही कोणीही उघडून पाहू शकतो. तिचे नाव zh_CN.po. अनुवादाची पहिली ओळ येण्याआधी, फाइलच्या डोक्यावर टिप्पणीच्या रूपात इंग्रजी-चिनी शब्दांचे एक लांब कोष्टक आहे. शब्दावली वेगळ्या दस्तऐवजात असती तर किती जणांनी उघडली असती, कोण जाणे. इथे ती ओलांडल्याशिवाय अनुवादाला हात लावताच येत नाही.

त्यातली एक नोंद मला फार मोलाची वाटते:

```
# cache  |  索引（的别称）
```

गिटमध्ये पुढच्या नोंदीसाठी बदल तयार करून ठेवण्याची एक जागा असते. तिला इंग्रजीत इंडेक्स म्हणतात. प्रोग्रॅम वाढत गेला तशी तिला कॅश आणि स्टेजिंग एरिया अशीही नावे पडली. त्यातले कॅश तर गिटच्या स्वतःच्या शब्दसूचीनेच जुने ठरवले आहे. पण जुने संदेश आणि आज्ञांमधले --cached, --staged असे शब्द तसेच राहिले. कोशात पाहिले तर कॅशला 缓存 हा सरळ चिनी शब्द आहे आणि संगणकाच्या इतर सर्व संदर्भांत तोच बरोबर आहे. गिटच्या अनुवादात तो लिहिला असता तर वाचणारा समजला असता की इथे वेग वाढवायला तात्पुरती साठवण चालली आहे. कोष्टकातली नोंद सांगते: कॅश हे ‘索引चे दुसरे नाव’ आहे. म्हणजे शब्द कोशातून न घेता, त्या शब्दाने या प्रोग्रॅममध्ये काय दाखवले जाते त्यावरून घेतला. शब्दावलीची नोंद कशी असावी, याचा याहून नेटका नमुना मला माहीत नाही.

याच क्षेत्रातला दुसरा दाखला शब्द बदलण्याच्या किमतीचा. गिटमध्ये रिबेस नावाची एक क्रिया आहे: एका फांदीवरचे बदल उचलून दुसऱ्या पायावर नव्याने रचणे. ‘प्रो गिट’ या प्रसिद्ध पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीच्या चिनी अनुवादात यासाठी 衍合 असा घडवलेला शब्द होता. तो दिसायला सुंदर, पण त्यावरून क्रियेचा अंदाज येत नाही. दुसऱ्या आवृत्तीत 变基 आला: पाया बदलणे. गिटच्या पडद्यावरही 变基 आहे. बदल योग्यच होता. पण जुन्या आवृत्तीवर शिकलेल्यांना आणि जुनी टिपणे वाचणाऱ्यांना दोन्ही शब्द माहीत असावे लागतात, आणि हे ओझे वर्षानुवर्षे उतरत नाही. म्हणून शब्दावलीत नवा शब्द आणला की जुना खोडून टाकू नये. ‘पूर्वी असा होता’ म्हणून त्याच नोंदीत ठेवावा.

शब्द आणायचे कुठून, हा प्रश्न अनेक जण विचारतात. चीनमध्ये वैज्ञानिक आणि तांत्रिक संज्ञा ठरवणारी राष्ट्रीय समिती 1985 पासून काम करते आणि तिच्या संज्ञा इंटरनेटवर शोधताही येतात. तिचा आधार जरूर घ्यावा. पण पडद्यावरच्या मजकुरासाठी माझा क्रम वेगळा आहे. ॲप ज्या फोनवर किंवा संगणकावर चालणार, त्याच्या स्वतःच्या मेनूत जो शब्द आहे तो आधी पाहावा, कारण वापरणाऱ्याचा डोळा त्याला सरावलेला असतो. त्यानंतर समितीची संज्ञा. जुनी पुस्तके सर्वांत शेवटी. ‘डिफॉल्ट’साठी जुन्या संगणकी पुस्तकांत 缺省 सापडतो; आज बहुतेक पडद्यांवर 默认 आहे. पुस्तकाचा दाखला देऊन 缺省 लिहिणारा चुकत नाही, पण एकटा पडतो. आणि विंडोजच्या 注销 सारखे प्रसंग आले, जिथे यंत्राचा शब्द लोकांच्या अर्थाला छेद देतो, तिथे हा क्रम मोडण्याचे धैर्यही हवे.

शब्दावली तयार झाली तरी तिचे पालन होते आहे की नाही हे तपासावे लागते. एकेक ओळ डोळ्यांनी वाचून ते होत नाही. ट्रान्सलेट टूलकिट नावाच्या मुक्त साधनसंचातला एक छोटा प्रोग्रॅम इथे उपयोगी पडतो:

```
poconflicts po conflicts
poconflicts --invert po collisions
```

पहिली आज्ञा, एकाच इंग्रजी मजकुराचे वेगवेगळे अनुवाद झालेल्या जागा काढून दाखवते. लॉग आउटची तीन नावे तिथे उघडी पडतात. दुसरी त्याच्या उलट, निरनिराळ्या इंग्रजी मजकुरांचा एकच चिनी अनुवाद झालेला असेल तिथे बोट ठेवते. 标签 ची टक्कर तिथे सापडते. दोन्ही याद्यांतल्या सगळ्याच जागा चुका नसतात. क्विट आणि एक्झिट दोघांना 退出 मिळाले, हे आपणच ठरवलेले आहे. यादी वाचून निवाडा माणसानेच करायचा.

एक मर्यादा मात्र यंत्राच्या आणि अनुवादकाच्याही हाताबाहेरची आहे. इंग्रजीत ‘ओपन’ म्हणजे ‘उघडा’ ही आज्ञाही आणि ‘उघडी आहे’ ही अवस्थाही. चिनीत आज्ञेला 打开 आणि तक्रार अजून मिटलेली नाही अशा अवस्थेला 未解决 असे सर्वस्वी वेगळे शब्द लागतात. पण गेटटेक्स्टच्या एका फाइलमध्ये सारख्या msgid ला एकच msgstr मिळतो. प्रोग्रॅमरने msgctxt मध्ये संदर्भ लिहून दोन नोंदी वेगळ्या केल्याशिवाय कितीही चांगली शब्दावली काही करू शकत नाही. म्हणून अनुभवी अनुवादक अशा जागांची यादी करून प्रोग्रॅमरकडे परत पाठवतात. हे पत्र लिहिणे हा शब्दावलीच्याच कामाचा भाग आहे.

चिनी मजकूर तपासताना आणखी एक अडचण येते. चिनीत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत. 文件, म्हणजे फाइल, हा शब्द शोधला की 文件夹 म्हणजे फोल्डर आणि 文件名 म्हणजे फाइलचे नाव, हेही सापडतात. त्यामुळे ‘इंग्रजीत फाइल आहे, तर चिनीत 文件 आहे का?’ अशी साधी तपासणी फोल्डरच्या ओळीवरही ‘ठीक’ म्हणून शेरा मारते. उपाय असा की लांब शब्द आधी तपासून बाजूला काढायचे आणि मग आखूड शब्द शोधायचा.

आणि मग टंकनाच्या चुका. बहुतेक चिनी लोक उच्चार रोमन अक्षरांत टाइप करतात आणि समोर आलेल्या यादीतून अक्षरे निवडतात. 登录 आणि 登陆 दोन्हींचा उच्चार अगदी एकच. पहिले लॉग इन. दुसरे म्हणजे किनाऱ्याला लागणे, वादळ जमिनीवर येते तेव्हा बातम्यांत वापरतात ते. दुसरे अक्षर चुकून कितीतरी लॉग इनच्या पडद्यांवर पोहोचलेले आहे. खात्यासाठी 账号 हवे, तिथे 帐号 येते. उच्चार तोच, पण 帐 हे पडदा, तंबू यांचे अक्षर. काही चुका कानाच्या नसून डोळ्याच्या असतात. मर्यादामूल्याला 阈值 म्हणतात. त्यातले पहिले अक्षर अनोळखी, म्हणून लोक त्यासारखे दिसणारे 阀, म्हणजे पाण्याच्या नळातला व्हॉल्व्ह, लिहून 阀值 असा शब्द तयार करतात. शब्दलेखन तपासणारा प्रोग्रॅम या जागी फारसा मदतीला येत नाही, कारण एकेक अक्षर सुटे पाहिले तर सगळीच खरी अक्षरे असतात. म्हणून शब्दावलीच्या शेवटी ‘हे कधीही दिसता कामा नये’ अशी एक छोटी यादी ठेवायची आणि प्रत्येक आवृत्तीआधी सगळ्या फाइलींत ती शोधायची:

```
grep -nE "登陆|帐号|帐户|阀值" po/zh_CN.po
```

हे करायला काही सेकंद लागतात. लॉग इनच्या पडद्यावर ‘वादळ किनाऱ्याला लागा’ असे लिहिलेले बाहेर जाण्यापेक्षा ते बरे.

इथवर सगळे मुख्य भूमीवरच्या चीनबद्दल झाले. एकदा zh_CN ची फाइल नीट झाली, की अनेक ठिकाणी पुढचा विचार असा होतो: तैवानमध्ये जुनी पारंपरिक अक्षरे चालतात, तर अक्षरे बदलून घेऊ, झाली zh_TW ची फाइल. ओपनसीसी नावाचे एक चांगले मुक्त साधन हे रूपांतर करते, आणि केवळ अक्षरेच नाही तर शब्दसमूहही बदलते. तरीही ते शब्दावलीची जागा घेऊ शकत नाही. मुख्य भूमीवर फाइलला 文件 म्हणतात. तैवानमध्ये 文件 म्हणजे कागदपत्र, दस्तऐवज, आणि फाइलला 檔案 म्हणतात. याच 檔案 ची सोपी अक्षरे 档案 मुख्य भूमीवर दाखवली, तर तिथल्या माणसाच्या मनात सरकारी दप्तरातली जुनी कागदपत्रे उभी राहतात. शिवाय मुख्य भूमीवरही 文件 चा सरकारी पत्रक हा जुना अर्थ जिवंत आहेच. एखाद्या वाक्यात 文件 हा शब्द कोणत्या अर्थाने आला आहे हे अक्षरांवरून कळत नाही, त्यामुळे रूपांतर करणाऱ्या तक्त्याने किती वेळा बरोबर बदलले हे शेवटी माणसालाच पाहावे लागते.

सर्वांत धोक्याची जागा कोष्टकांची आहे. मुख्य भूमीवर आडव्या ओळीला 行 आणि उभ्या रकान्याला 列 म्हणतात. तैवानमध्ये गणिताच्या पुस्तकात याच्या नेमके उलट: आडवी 列, उभी 行. एक्सेलच्या तैवानी आवृत्तीत उभ्या रकान्याला 欄 असा तिसराच शब्द आहे, पण आडव्या ओळीला 列च. 列 आणि 行 ही दोन्ही अक्षरे सोप्या आणि पारंपरिक लिपीत हुबेहूब सारखी आहेत. म्हणजे अक्षरे बदलणाऱ्या प्रोग्रॅमला त्यांत बदलण्यासारखे काही दिसतच नाही. मुख्य भूमीच्या फाइलमधले 删除列, ‘रकाना पुसा’, अक्षरे बदलून 刪除列 झाले आणि तैवानमध्ये गेले, की तिथला हिशेबनीस ते ‘ओळ पुसा’ असे वाचतो. तो बटण दाबतो आणि रकाना जातो.

म्हणून ज्यांना दोन्हीकडे सॉफ्टवेअर द्यायचे आहे त्यांनी शब्दावल्याही दोन लिहाव्यात. गोष्टींची यादी एकच ठेवावी: त्याच पाच कृती, तीच फाइल, तोच रकाना. पण नावांचे रकाने वेगळे असावेत, आणि तैवानच्या रकान्यातला प्रत्येक शब्द तैवानमध्येच राहणाऱ्या, तिथला संगणक रोज वापरणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावा.